एका फाइलीत दोन स्केल: ठिबकच्या नकाशातल्या तुटक रेषेची पार्श्वभूमी

जळगाव-धुळ्याकडे ठिबकचा लेआउट काढणाऱ्या ऑफिसात एकाच शेताची फाइल तीन-चार हातांतून जाते. सर्व्हेवाला बांध आणि विहीर मीटरमध्ये आणून देतो, डिझाइनवाला मेन-सबमेन पाइप टाकतो आणि तिसरा माणूस पंपाजवळच्या कंट्रोल हेडचा डिटेल काढतो. पूर्ण शेत १:५०० वर लागतं, डिटेल १:५० वर. आज लेयरच्या नावांवर फारसं भांडण होत नाही. भांडण होतं ते ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमधल्या तुटक रेषेवरून, आणि त्याचं मूळ १९९० सालात आहे.

त्याआधी हा प्रश्नच नव्हता. ट्रेसिंगवर ड्राफ्ट्समन डॅश नजरेनेच मारायचा. स्केल कोणतंही असो, कागदावरचा डॅश तीनेक मिलिमीटरचाच यायचा. ऑटोकॅड १९८२ मध्ये आलं आणि पुढे त्यात डॅशची लांबी फाइलीतल्या एककांत मोजली जाऊ लागली. सगळ्या तुटक रेषा `LTSCALE` या एकाच गुणकावर चालायच्या, म्हणून एका फाइलीला व्यवहारात एकच स्केल.

१९९० च्या रिलीज ११ ने दोन गोष्टी एकदम आणल्या: पेपर स्पेस आणि एक्सरेफ. एका कागदावर वेगवेगळ्या स्केलचे व्ह्यूपोर्ट, म्हणजे नकाशाच्या खिडक्या, बसवता येऊ लागले, आणि दुसऱ्याची फाइल न उचलता नुसती खाली जोडता येऊ लागली. लेयरची शिस्तही इथूनच आली. जोडलेल्या फाइलीचा लेयर `SHET|SUBMAIN` असा दिसतो, आणि तेव्हा लेयरच्या नावाला ३१ अक्षरांची मर्यादा होती. जुन्या ऑफिसांची आखूड, तुटक नावं त्यातूनच आली. २००० च्या आवृत्तीने मर्यादा २५५ वर नेली, सवय मात्र तशीच राहिली.

आता वादाचा मुद्दा. जमिनीखालच्या सबमेनला `HIDDEN` नावाची तुटक रेषा देतात. मेट्रिक फाइलीत तिचा डॅश ६.३५ एककांचा असतो. सर्व्हेची फाइल मीटरमध्ये, म्हणजे एक डॅश ६.३५ मीटरचा. १:५०० वर तो कागदावर १२.७ मिलिमीटर होतो, फार लांब. म्हणून जुने लोक `LTSCALE` 0.25 करतात आणि डॅश ३.२ मिलिमीटरवर येतो. शेताचा नकाशा सुरेख दिसतो. पण त्याच फाइलीत कंट्रोल हेडचा १:५० चा व्ह्यूपोर्ट लावला की तोच डॅश कागदावर जवळपास ३२ मिलिमीटर होतो. तिथला सव्वा मीटरचा पाइप एका डॅशपेक्षाही लहान, म्हणून ऑटोकॅड तो सलग दाखवतं. जमिनीखालचा पाइप वरचा दिसतो आणि अंदाजपत्रकात त्याची खोदाई धरली जात नाही.

उपाय ऑटोकॅडमध्येच होता. `PSLTSCALE` 1 केलं की डॅश कागदाच्या मापाने मोजला जातो. लेआउट, म्हणजे पेपर स्पेसमधला कागद, मिलिमीटरमध्ये असेल तर एवढं पुरतं:

```
LTSCALE 0.5
PSLTSCALE 1
REGENALL
```

दोन्ही व्ह्यूपोर्टमध्ये डॅश ३.२ मिलिमीटर. `PSLTSCALE` ची किंमत प्रत्येक लेआउटची वेगळी असते, म्हणून ती लेआउटगणिक बघावी लागते.

तरीही अनेक ऑफिसांनी ते वर्षानुवर्षं 0 च ठेवलं. त्यांचं म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं: मॉडेलमध्ये, म्हणजे जिथे रेषा काढतात तिथे, दिसतं तेच प्लॉटवर यावं. शिवाय आर्किटेक्टची फाइल मिलिमीटरमध्ये असते. १:५०० साठी त्यात `LTSCALE` 250 ठेवलेलं असतं. कोणी नुसतं `PSLTSCALE` 1 केलं, तर डॅश कागदावर दीड मीटरहून लांब होतो आणि सगळा नकाशा सलग रेषांचा दिसतो. दोष 250 चा, पण बदनाम नवी पद्धत झाली. मॉडेलमधली तक्रार २००८ च्या आवृत्तीत `MSLTSCALE` ने मिटली, पण जुन्या फाइली उघडल्या की ते 0 च येतं. त्यामुळे जुनी फाइल टेम्प्लेट म्हणून वापरणाऱ्यांना बदल झाल्याचं कळलंच नाही.

एक्सरेफने यात आणखी एक गुंता घातला. जोडलेल्या फाइलीचं `LTSCALE` चालत नाही, मुख्य फाइलीचंच लागू होतं. पण एखाद्या रेषेला प्रॉपर्टीजमधून स्वतंत्र लाइनटाइप स्केल दिलं असेल, तर ते रेषेबरोबर जातं. जुन्या पद्धतीत डिटेल वाचवायला कोणी सव्वा मीटरच्या पाइपला हाताने 0.1 दिलेलं असतं. नव्या पद्धतीत त्याचा डॅश कागदावर ०.३ मिलिमीटरचा होतो आणि रेषा करडी, सलग भासते. फाइल पुढे देण्याआधी ती स्वतंत्रपणे उघडून `QSELECT` ने लाइनटाइप स्केल 1 नसलेल्या वस्तू निवडाव्यात. एका शेताच्या फाइलीत त्या बहुतेक पंपाभोवतीच सापडतात.