सव्वा किलो खाणारा काटा आणि तीन ऑप-अँप

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत ५०० किलोचा प्लॅटफॉर्म काटा होता. तयार कास्टिंग त्यावर जोखून गाडीत भरायचे. जुलैचा पाऊस लागला होता, आणि काट्यावर बसणारे मामा मला म्हणाले, "सर, काटा सकाळी सव्वा किलो खातोय आणि दुपारी परत देतोय बघा." त्यांनी वहीत रोजचे आकडे लिहून ठेवले होते. २० किलोचं प्रमाणित वजन सकाळी १८.७५ दिसायचं. दुपारी भट्टीच्या उबेने शेड तापली की पुन्हा २०. कास्टिंग किलोवर विकलं जातं, त्यामुळे ६० किलोच्या प्रत्येक क्रेटमागे सव्वा किलो म्हणजे दोन टक्के माल फुकट जात होता.

काटा जुना होता आणि आतला अँप्लिफायरचा बोर्ड कुणीतरी हाताने बांधलेला. त्यात एकच ऑप-अँप होता, म्हणजे आपल्या अधिक आणि उणे पिनांवरच्या व्होल्टेजमधला फरक वाढवून देणारी चिप. दोष शोधताना जे हाती लागलं त्यातून तीन ऑप-अँपचा इन्स्ट्रुमेंटेशन अँप्लिफायर का लागतो हे फार स्वच्छ कळतं, म्हणून ते नीट सांगतो.

काट्याच्या पोटात लोड सेल असतो. धातूच्या ठोकळ्यावर चार स्ट्रेन गेज, म्हणजे ताण पडला की रोध बदलणाऱ्या पट्ट्या, चिकटवलेले असतात, प्रत्येक ३५० ओहमचा, आणि ते चौकोनात म्हणजे ब्रिजमध्ये जोडलेले असतात. ब्रिजला दोन वायरींनी १० व्होल्ट द्यायचे आणि उरलेल्या दोन वायरींवर सिग्नल घ्यायचा. काटा रिकामा असताना दोन्ही सिग्नल वायरी बरोबर मध्यावर, म्हणजे ५ व्होल्टवर असतात. ५०० किलो ठेवले की ठोकळा केसभर वाकतो, एक वायर ५.०१ व्होल्टवर चढते, दुसरी ४.९९ वर उतरते. पूर्ण वजनाला फरक काय, तर २० मिलिव्होल्ट. किलोमागे ४० मायक्रोव्होल्ट.

आपल्याला हवा आहे तो हा एवढासा फरक. पण दोन्ही वायरींवर सारखाच बसलेला ५ व्होल्टचा बोजा त्याच्याबरोबर येतो. त्यालाच कॉमन मोड म्हणतात. किलोमागे ४० मायक्रोव्होल्ट या हिशेबाने ५ व्होल्ट म्हणजे १२५ टन होतात. एक किलो मोजायचा आहे आणि पाठीवर १२५ टन आहेत! भट्टीच्या केबलमधून येणारी ५० हर्ट्झची घरघरही बहुतांशी दोन्ही वायरींवर सारखीच येते, तीही याच खात्यात.

एका ऑप-अँपने ही वजाबाकी करता येते. दोन्ही वायरींना १० किलोओहमचा एकेक रेझिस्टर, पुढे १ मेगाओहमचे दोन, गेन म्हणजे वाढ १०० पट. मग किलोमागे ४ मिलिव्होल्ट बाहेर मिळतात. कागदावर यात काहीच खोट नाही. पण हे रेझिस्टर सिग्नल वायरींमधून करंट ओढतात. ५ व्होल्ट, आणि समोर सुमारे १.०१ मेगाओहम, म्हणजे प्रत्येक वायरीतून सतत ५ मायक्रोअँपिअर वाहतात. काट्यावर काही असो वा नसो.

दोन्ही वायरी सारख्या असतील तोवर हे खपून जातं. आमच्या काट्यात एका सिग्नल वायरीचा कनेक्टर ओलीने हिरवट झाला होता. त्याच्या पिनेत सकाळी साधारण १० ओहमचा रोध भरायचा. ५ मायक्रोअँपिअर गुणिले १० ओहम म्हणजे ५० मायक्रोव्होल्ट. ४० ला एक किलो, तर ५० ला सव्वा किलो. मामांचा आकडा!

खात्री करायला मी चांगल्या वायरीत मुद्दाम १० ओहमचा रेझिस्टर घातला. दोन्ही बाजू सारख्या झाल्या आणि सव्वा किलो जागच्या जागी परत आला. ५ व्होल्टचा बोजा या १० ओहमच्या असमतोलातून फरकात शिरत होता, हे त्याने पक्कं झालं. सकाळी एकदा झिरोचं बटण दाबलं तरी उपयोग नव्हता. दिवसभरात पिन वाळत जायची आणि झिरो सरकत राहायचा.

म्हणजे पहिली गरज अशी की वायरीतून करंट ओढायचाच नाही. ऑप-अँपच्या स्वतःच्या अधिक पिनेत करंट जवळजवळ शिरतच नाही. तेव्हा प्रत्येक सिग्नल वायर थेट एकेका ऑप-अँपच्या अधिक पिनेला जोडायची, मध्ये रेझिस्टर नाही. असे दोन ऑप-अँप पुढे आणि वजाबाकी करणारा तिसरा मागे. इनपुटचा रोध मोठा होतो तो एवढ्यानेच. हे तिन्ही ऑप-अँप पोटात असलेल्या INA128 या तयार चिपमध्ये तो १० गिगाओहमच्या घरात असतो, आणि त्याच्यापुढे गंजलेल्या पिनेचे १० ओहम काहीच नाहीत.

पण गेन कुठे द्यायचा? पुढच्या दोन ऑप-अँपना नेहमीसारखा प्रत्येकी एक रेझिस्टर ग्राउंडला जोडून १०० चा गेन दिला, तर ५ व्होल्टसुद्धा १०० पट होऊ पाहतील. ५०० व्होल्ट कुठून आणणार? दोन्ही ऑप-अँप सप्लायच्या टोकाला जाऊन अडकतील. या सर्किटमधली मला सर्वात आवडणारी गोष्ट इथे आहे. ग्राउंडला जाणारे ते दोन रेझिस्टर तिथून सोडवायचे आणि त्यांच्या जागी एकच रेझिस्टर, Rg, दोन्ही ऑप-अँपच्या उणे पिनांच्या मध्ये बांधायचा. प्रत्येक ऑप-अँपच्या आउटपुटपासून त्याच्या उणे पिनेपर्यंत R हा रेझिस्टर असतोच.

आता आकडे घालून पाहा. R २५ किलोओहम, Rg ५०५ ओहम. असा आउटपुट उणे पिनेकडे परत आणणं म्हणजे फीडबॅक, आणि फीडबॅक असलेला ऑप-अँप आपली उणे पिन अधिक पिनेच्या व्होल्टेजवर आणून ठेवतो. त्यामुळे ५०० किलो असताना Rg च्या एका टोकाला ५.०१ आणि दुसऱ्या टोकाला ४.९९ व्होल्ट असतात. टोकांमध्ये २० मिलिव्होल्ट, म्हणून Rg मधून सुमारे ३९.६ मायक्रोअँपिअर वाहतात. हा करंट पिनेत शिरू शकत नाही, तो दोन्हीकडच्या २५ किलोओहममधूनच यावा-जावा लागतो आणि प्रत्येकावर ०.९९ व्होल्ट पडतात. वरचा आउटपुट ५.०१ अधिक ०.९९, म्हणजे ६ व्होल्ट. खालचा ४.९९ उणे ०.९९, म्हणजे ४ व्होल्ट. फरक २० मिलिव्होल्टचा २ व्होल्ट झाला, १०० पट. सूत्र असं:

```
गेन = 1 + 2R/Rg
```

काटा रिकामा करा. Rg च्या दोन्ही टोकांना ५ व्होल्ट. टोकांमध्ये फरक नाही, म्हणून करंट नाही, म्हणून R वरही काही पडत नाही. दोन्ही आउटपुट ५ व्होल्ट. फरक १०० पट झाला आणि बोजा जसाच्या तसा एक पटच राहिला. दोन R मध्ये थोडा फरक असला तरी हे मोडत नाही, कारण ज्या रेझिस्टरमधून करंटच वाहत नाही त्याची किंमत तिथे मोजली जात नाही. एक २५ आणि दुसरा २५.२५ किलोओहम असेल तर गेन अर्धा टक्का बदलतो, बस.

तिसरा ऑप-अँप ६ मधून ४ वजा करतो आणि २ व्होल्ट देतो. त्याच्याभोवती चार सारखे रेझिस्टर असतात, आणि ते खरोखर सारखे असणं मात्र इथे फार महत्त्वाचं आहे. बऱ्याच ठिकाणी असं समजावलं जातं की तीन ऑप-अँप लावले की रेझिस्टरची चूक १०० पट कमी होते. हे मला पटत नाही. ०.१ टक्क्याचे रेझिस्टर घेऊन सर्वात वाईट जुळणीचा हिशेब केला, तर एका ऑप-अँपच्या १०० गेनच्या सर्किटमध्ये ५ व्होल्टमुळे सुमारे ५ किलोची चूक येते, तीन ऑप-अँपमध्ये सुमारे अडीच किलोची. फायदा दुपटीचा.

मग ताकद कशात आहे? एक तर वर पाहिलं ते, वायरीचा रोध हिशेबातून बाहेर जातो. दुसरं म्हणजे ते चार रेझिस्टर सारख्याच किमतीचे असल्याने एका सिलिकॉनच्या तुकड्यावर शेजारी-शेजारी बनवता येतात आणि कारखान्यातच लेझरने एकमेकांशी जुळवता येतात. ते एकत्र तापतात, एकत्र निवतात. गेन बदलायचा तर बाहेरचा एकटा Rg बदलायचा, त्या जुळणीला हात लागत नाही. INA128 ला १०० किंवा त्याहून जास्त गेनवर कॉमन मोड किमान १२० डेसिबल दाबला जातो, म्हणजे दहा लाखांत एक. ५ व्होल्टचे उरतात फार तर ५ मायक्रोव्होल्ट, काट्यावर १२५ ग्रॅम. तेही जागचे हलत नाहीत, म्हणून झिरोचं बटण त्यांना पुसून टाकतं.

एक चूक मात्र या सर्किटमध्ये सहज होते आणि ती दिसत नाही. मी स्वतः केली आहे. जास्त स्पष्ट आकडा मिळावा म्हणून गेन ५०० केला आणि सप्लायला दोन ९ व्होल्टच्या बॅटऱ्या लावल्या. ५०० किलोला वरच्या ऑप-अँपला ५ अधिक ५, म्हणजे १० व्होल्टपर्यंत जायला हवं, आणि तो साधारण ७.६ च्या पुढे जाऊ शकत नाही. काटा २६० किलोपर्यंत बरोबर चालला आणि तिथे थिजला. शेवटच्या आउटपुटवर मीटर लावला तर ५.२ व्होल्ट, म्हणजे सप्लायपासून बराच लांब, सगळं ठीकठाक. अडकलेला होता आतला ऑप-अँप, आणि त्याचा आउटपुट बाहेरच्या पिनेवर येतच नाही. म्हणून गेन ठरवताना कॉमन मोड अधिक गेन गुणिले निम्मा सिग्नल, ही बेरीज आधी करावी. ती सप्लायच्या दीड-दोन व्होल्ट आत राहिली पाहिजे.

फाउंड्रीच्या काट्यात मग INA128 बसवला, गेन १००, सप्लाय अधिक-उणे १२ व्होल्ट. जुना हिरवा कनेक्टर मी मुद्दाम चार दिवस तसाच ठेवला. सकाळी-दुपारी २० किलोचं वजन २०च दाखवत राहिलं. मग कनेक्टरही बदलला, कारण हीच ओल शेजारच्या १० व्होल्टच्या वायरीच्या पिनेत शिरली असती तर अँप्लिफायर काही करू शकला नसता. तिथले १० ओहम ब्रिजला मिळणारे व्होल्टच कमी करतात. त्याची खूण वेगळी असते: रिकामा काटा झिरोच दाखवतो, पण १०० किलो ९७.२ दिसतात आणि ५०० किलो ४८६. मामांच्या वहीत आता रिकाम्या काट्याचा एक रकाना आहे आणि प्रमाणित वजनाचा दुसरा. पहिला सरकला तर सिग्नलची वायर पाहायची, दुसराच सरकला तर सप्लायची.