गोल बोअरचे तीन हिशेब

जालन्याचा एक मुलगा गेल्या खरिपाआधी वाळूजच्या आमच्या वर्कशॉपमध्ये ॲल्युमिनियमची एक चकती घेऊन आला. ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्रात बी मोजून सोडणारी ही चकती. कडेला सोयाबीनच्या दाण्यासाठी 24 खाचा आणि मधोमध शाफ्टसाठी 20 मिमीचा बोअर, म्हणजे गोल भोक. डिझाइन त्याने स्वतः ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये केलं होतं आणि आकार त्रिकोणांत साठवणारी एसटीएल फाइल देऊन दुसरीकडून चकती व्हीएमसी या संगणकावर चालणाऱ्या मशीनवर कापून घेतली होती. शाफ्ट काही केल्या आत जाईना. व्हर्निअर लावला तर 19.90. बोअरमध्ये टॉर्च मारला, तेव्हा आतल्या भिंतीवर उभे पट्टे चमकले. मोजले तर 32.

हा 32 आकडा त्याने कुठेच टाकला नव्हता. ब्लेंडरमध्ये नवा सिलिंडर घेतला की तो मुळातच 32 बाजूंचा येतो. 10 मिमी त्रिज्येच्या वर्तुळात 32 बाजूंची आकृती बसवली की प्रत्येक बाजूचा मध्य खऱ्या वर्तुळापासून 0.048 मिमी आत सरकतो. दोन्हीकडून धरा, समोरासमोरच्या बाजूंतलं अंतर 19.90. म्हणजे मशीन चुकलं नव्हतं. त्याला जो आकार दिला, तो त्याने इमानदारीने कापला.

स्क्रीनवर मात्र बोअर अगदी गोल दिसत होता. याचं मूळ 1971 मध्ये आहे. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात त्या काळी वस्तू सपाट बहुकोनी तुकड्यांनी दाखवत, कारण सपाट तुकडा रंगवणं संगणकाला सोपं पडतं. पण तुकड्यांच्या कडा डोळ्यांना खुपत. आन्री गुरो यांनी त्यावर उपाय काढला. प्रत्येक कोपऱ्यावरचा उजेड काढायचा आणि मधल्या भागात तो हळूहळू बदलत न्यायचा. आकार सपाट तुकड्यांचाच राहतो, उजेड तेवढा गोल होतो. ब्लेंडरमधलं आजचं `Shade Smooth` याच घराण्यातलं. ही पद्धत डोळ्यांसाठी जन्मली आणि डोळ्यांच्या कामात तिला आजही तोड नाही. वेरूळची एखादी मूर्ती स्कॅन करून तिची प्रतिकृती करायची असेल, तर मी दुसऱ्या कशाचा विचारही करणार नाही. तिथे पोताला, सुरकुत्यांना, झिजलेल्या नाकाला कोणतंच सूत्र नसतं. लाखो त्रिकोणांचं जाळं, म्हणजे मेशच कामाला येतं. हा पहिला हिशेब.

मग बाजू वाढवल्या तर? बाजू दुप्पट केल्या की चूक साधारण चौथ्या हिश्श्यावर येते. 64 बाजूंना 0.012 मिमी, 100 बाजूंना 0.005. बोअर गोल म्हणण्यासारखा झाला. पण उद्या शाफ्ट 22 चा आला तर? मेशला ‘20’ हा आकडा माहीतच नसतो. त्याच्याकडे फक्त कोपऱ्यांचे बिंदू असतात. एसटीएलमध्ये तर मिमी की इंच एवढीही नोंद नसते.

दुसरा हिशेब गाड्यांच्या कारखान्यातून आला. जहाजं बांधणारे पूर्वी लाकडाची लवचिक पट्टी वाकवून, शिशाची वजनं ठेवून बाक आखत. गाडीच्या पत्र्याचा बाकही हाताने आखून, नमुन्यावरून साच्यात उतरवला जाई आणि प्रत्येक पायरीला थोडा बदले. आकड्यांवर चालणारी मशीन आली, तेव्हा बाकही आकड्यांत हवा झाला. सिट्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्यो यांनी 1959 मध्ये त्याची रीत काढली, कंपनीने ती गुप्त ठेवली. रेनॉमध्ये पिएर बेझिए त्याच वाटेवर होते. मोजक्या बिंदूंनी ओढला जाणारा अखंड बाक, असं या रीतीचं स्वरूप.

गंमत अशी की हा सुंदर बाक साधं वर्तुळ नेमकं काढू शकत नव्हता. चौरसाचे तीन कोपरे घेऊन पाव वर्तुळ काढायला जा. 10 मिमी त्रिज्येला मध्यावर तो 10.6 वर फुगतो, कारण निघतो तो पॅराबोला. बिंदू वाढवून चूक नगण्य करता येते, पण शून्य होत नाही. केन व्हर्स्प्रिल यांनी 1975 च्या प्रबंधात बिंदूंना वजन देण्याची रीत मांडली. त्याच मधल्या कोपऱ्याला 0.7071 वजन द्या, बाक सगळीकडे बरोबर 10 वर बसतो. हेच नर्ब्स. विमानं बांधणाऱ्या बोइंगला याची फार गरज होती. त्यांच्याकडे रेषा, वर्तुळ आणि मोकळे बाक वेगवेगळ्या रूपांत साठवलेले असत आणि दोन पृष्ठं कुठे छेदतात हे काढायला प्रत्येक जोडीसाठी निराळा प्रोग्राम लागे. नर्ब्समुळे सगळं एका साच्यात आलं.

बाइकची टाकी, हेल्मेट, यंत्राचं प्लास्टिकचं झाकण यांसाठी नर्ब्स घ्यावं. ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पृष्ठावरून सरकताना कुठे मोडलं, तर गिऱ्हाईक ते लगेच पकडतं. पण नर्ब्सचं पृष्ठ म्हणजे जाडी नसलेलं कापड. माल कोणत्या बाजूला आहे हे त्याला ठाऊक नसतं. दोन कापडांच्या शिवणीत फट राहिली, तर डोळ्याला दिसत नाही आणि पुढे मशीनचा मार्ग आखणाऱ्या कॅम सॉफ्टवेअरमध्ये काम अडतं. राइनो या नर्ब्सच्या सॉफ्टवेअरमध्ये `ShowEdges` देऊन उघड्या कडा पाहण्याची सवय म्हणूनच लावून घ्यावी.

तिसरा हिशेब सॉलिडचा. माल कुठे आणि पोकळी कुठे, हा प्रश्न केंब्रिजमध्ये इयान ब्रेड यांनी 1970 च्या दशकात हाती घेतला. त्यांच्या मॉडेलमध्ये पृष्ठं, कडा आणि कोपरे एकमेकांना जोडलेले असत, आणि आत-बाहेर काय ते संगणकाला कळे. त्याच सुमारास रोचेस्टरला व्होएल्कर आणि रेकिचा यांचा गट ठोकळे मिळवून आणि वजा करून वस्तू घडवत होता. ठोकळ्यातून सिलिंडर वजा, झालं भोक. सॉलिडच्या पोटात नर्ब्स पृष्ठंही असतात, पण बोअर साठवला जातो तो अक्ष आणि त्रिज्या म्हणून. 1980 च्या दशकाच्या अखेरीस प्रो-इंजिनिअर या सॉफ्टवेअरने त्यात आकड्यांची आणि पायऱ्यांची आठवण घातली. माप बदला, पुढचं सगळं पुन्हा बांधलं जातं. उणीवही इथेच. आधीच्या पायरीतली कड नाहीशी झाली की तिच्यावर टेकलेला फिलेट, म्हणजे कडेला दिलेली गोलाई, लाल होऊन पडतो. आणि मूर्तीचा चेहरा या पद्धतीत करायला बसलात तर दिवस वाया.

मुलाने विचारलं, “सर, एसटीएलचंच स्टेप करून दिलं तर?” स्टेप म्हणजे सॉलिड साठवणारी फाइल. नवशिके सगळे हे विचारतातच. कन्व्हर्टर प्रत्येक त्रिकोणाचा एक सपाट फेस करून देतो. फाइल जड होते, वर्तुळ परत येत नाही. ओळखायचं असेल तर बोअरच्या भिंतीवर क्लिक करावं. एक अरुंद पट्टीच निवडली गेली आणि व्यासाचं माप येईना, तर आतून तो मेशच आहे.

आम्ही दोघांनी फ्रीकॅड या सॉलिडच्या सॉफ्टवेअरमध्ये चकती पुन्हा काढली. एका वर्तुळाला जाडी दिली, 20 मिमी बोअर वजा केला, एक खाच काढून तिच्या गोलात 24 प्रती केल्या. तासाभराचं काम. स्टेप फाइल गेली, ड्रॉइंगवर बोअरला एच7 लिहिलं, म्हणजे 20.000 ते 20.021. ऑपरेटरने व्यास फाइलमधून थेट उचलला, ड्रिल मारून शेवटी रीमर फिरवला. शाफ्ट हाताने आत गेला. मग मक्यासाठी त्याने खाचांची संख्या आणि रुंदी एवढेच आकडे बदलले आणि दुसरी चकती तिथेच बसून तयार केली. ब्लेंडरचं जुनं मॉडेल त्याने पुसलं नाही. यंत्राच्या माहितीपत्रकावर चकतीचं जे चित्र आहे, ते त्याच 32 बाजूंचं आहे.