व्यापारी गुपित आणि नोकरी सोडणारा कर्मचारी (परीक्षेतील प्रश्न)

नोकरी सोडून प्रतिस्पर्धी कंपनीत गेलेल्या कर्मचाऱ्याला जुनी कंपनी न्यायालयामार्फत कितपत रोखू शकते, हा विधी शाखेच्या परीक्षेत येणारा प्रश्न आहे. भारतात व्यापारी गुपितांसाठी स्वतंत्र कायदा नसल्याने उत्तर करार कायदा, 1872 चे कलम 27 आणि विश्वासभंगाविषयीची न्यायतत्त्वे यांवर उभारावे लागते.

उदाहरणादाखल असे समजू, की रंग बनवणाऱ्या कंपनीतील रसायनतज्ज्ञाने सहा वर्षांनी रीतसर राजीनामा दिला. दोन वर्षे प्रतिस्पर्ध्याकडे नोकरी करणार नाही आणि कंपनीची माहिती उघड करणार नाही, अशी दोन कलमे त्याच्या करारात आहेत. शेवटच्या आठवड्यात त्याने एका मिश्रणाचे सूत्र पेनड्राइव्हवर घेतले असून काही ग्राहकांची नावे त्याला तोंडपाठ आहेत. कंपनी मनाई हुकूम मागते.

येथे बहुतेक विद्यार्थी निरंजन शंकर गोळीकरी विरुद्ध सेंच्युरी स्पिनिंग (1967) हा निवाडा देऊन दोन वर्षांची बंदी वैध ठरवतात, आणि तेथेच चुकतात. कल्याणच्या कारखान्यात टायर कॉर्ड धाग्याच्या विभागात काम करणारे गोळीकरी पाच वर्षांचा करार चालू असतानाच दुसऱ्या कंपनीत गेले होते, आणि सर्वोच्च न्यायालयाने कायम केलेली मनाई त्या मुदतीपुरतीच होती. आपल्या उदाहरणातील नोकरी मात्र संपलेली आहे. करार संपल्यानंतरही चालणारे व्यवसायबंधन, ते कितीही वाजवी असले तरी, कलम 27 खाली रद्दबातल ठरते; परसेप्ट डी'मार्क विरुद्ध झहीर खान (2006) या निवाड्यात, तो नोकरीचा करार नसला तरी, हेच तत्त्व सांगितले आहे. म्हणून नव्या नोकरीलाच मनाई मिळणार नाही.

गोपनीयतेचे कलम वेगळे पडते, कारण ते उपजीविका अडवत नाही, फक्त दुसऱ्याची माहिती वापरण्यास प्रतिबंध करते. त्यासाठी माहिती खरोखर गोपनीय होती, ती विश्वासाने सोपवली होती आणि तिचा अनधिकृत वापर झाला किंवा होण्याची रास्त भीती आहे, हे वादीने दाखवायचे असते. सूत्र मोजक्याच लोकांना खुले होते आणि त्याला पासवर्ड होता, हे सिद्ध झाले तर मनाई हुकूम मिळण्याची चांगली शक्यता असते; पेनड्राइव्हची नोंद हा तेव्हा सर्वांत मोलाचा पुरावा. उलट, ‘आमची सर्व तांत्रिक माहिती’ असा मोघम दावा टिकत नाही, कारण काय करू नये हेच प्रतिवादीला त्यातून कळत नाही. पाठ असलेली नावे बाजारात सहज मिळत असतील तर तीही गुपित ठरत नाहीत, आणि सहा वर्षांत हाताला आलेले कसब तर त्या माणसाचेच असते.

नव्या कंपनीला प्रतिवादी करायचे असल्यास माहिती गोपनीय असल्याचे तिला ठाऊक होते, किंवा निदान नोटीस मिळाल्यावर कळले, हे दाव्यात मांडावे लागते.