चार वर्षांखालच्या बाळाचा पासपोर्ट फोटो: माप कुठे चुकतं

मोठ्यांनी स्टुडिओत जाऊन फोटोंची थप्पी काढायची गरज नाही, पासपोर्ट सेवा केंद्रात काउंटरवरच फोटो घेतात. मात्र मूल चार वर्षांपेक्षा लहान असेल तर छापलेला फोटो बरोबर न्यावा लागतो: रुंदी ३.५ सेंटीमीटर, उंची ४.५ सेंटीमीटर, मागे पांढरं. खानापूर, निपाणीकडून सुट्टी टाकून आलेले आईवडील अडकतात ते नेमके इथेच.

३.५ ला ४.५ म्हणजे ७:९. मोबाईलमधला फोटो बहुधा ३:४ असतो. दिसायला दोन्ही सारखेच, पण ३:४ चा फोटो साडेतीन सेंटीमीटर रुंद छापला की उंची ४.६७ भरते. मग दुकानदार कात्री चालवतो आणि हनुवटी किंवा डोकं जातं. काहीजण आकडे टाकून फोटो ओढून बसवतात. उभ्या ९:१६ फोटोवर हा उद्योग केला तर बाळाचे गाल तिप्पट नाही, पण तिसऱ्या हिश्श्याहून जास्त फुगतात, आणि ते पोर कुणाचं हे आजीलाही ओळखू येत नाही. ओढायचं नाही, कापायचं.

कापताना सुरुवात कागदाच्या मापापासून नव्हे, चेहऱ्यापासून करा. चेहऱ्याने फोटोचा ८० ते ८५ टक्के भाग व्यापलेला हवा. समजा ३००० × ४००० पिक्सेलच्या फोटोत हनुवटीपासून टाळूपर्यंत १६०० पिक्सेल भरतात. १६०० ला ०.८ ने भागा, उंची २००० आली. तिला ७ ने गुणून ९ ने भागा, रुंदी १५५६. नाक आडव्या मापाच्या मधोमध येईल असा हा चौकोन ठेवून कापा आणि मग ६३० × ८१० पिक्सेलवर आणा. हेही ७:९ च आहे, त्यामुळे चेहरा बिघडत नाही.

मूळ फोटोत चेहरा साधारण ६५० पिक्सेलपेक्षा लहान असेल तर कापण्यात वेळ घालवू नका, तो वाढवताना धूसर होणार. जवळ जाऊन पुन्हा काढा. बाळाला पांढऱ्या चादरीवर निजवून वरून काढलेला फोटो चालतो, फक्त चादरीला सुरकुती, चेहऱ्यावर सावली आणि कडेला आईचा हात नको. डोळे उघडे, तोंड मिटलेलं. त्यासाठी बाळाची मर्जी सांभाळावी लागते, त्याला कुठलाही नियम उपयोगी नाही.

दुकानात फाईल व्हॉट्सॲपवरून पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ती आकसते. छापताना फोटोचं माप ३.५ × ४.५ सेंटीमीटर टाकायला आणि ‘Fit to page’ बंद करून ‘Actual size’ ठेवायला सांगा. दुकानदार 'पासपोर्ट साईजच आहे हो' म्हणाला तरी पैसे देण्याआधी पट्टी लावून बघा: उंची ४५ मिलिमीटर, रुंदी ३५.