मखाणे शुगरवाल्यांनी कितीही खावेत?

"मखाण्यात साखर नसते, डायबेटिस, किडनी, वजन सगळ्यांना चालतं, पोटभर खा."

गोड लागत नाहीत म्हणून असं वाटणं साहजिक आहे, पण मखाणा मुख्यतः स्टार्चच, १०० ग्रॅममध्ये साधारण ७५ ग्रॅम कार्ब आणि ३५० कॅलरी, प्रोटीन जेमतेम ९-१०. तो फुललेला, हलका असतो म्हणून वाटीभर खाल्लं तरी काहीच नाही वाटतं, त्यामुळे एकदा किचनच्या काट्यावर ३० ग्रॅम मोजून बघाच, चांगला मोठा बाऊल भरतो आणि त्यात कार्ब जवळपास एका मध्यम पोळीएवढे. म्हणजे चहासोबत तेवढे खाल्ले तर जेवणात एक पोळी कमी करा. खात्री करायची तर खाण्याआधी आणि २ तासांनी ग्लुकोमीटर लावा.

वजनासाठी चिप्सपेक्षा बरेच, पण कोरडे भाजलेले, कारण एक छोटा चमचा तूप म्हणजे वरून ४५ कॅलरी.

किडनीवाल्यांनी मसाला पाकिटावर सोडियम वाचा, आणि घरी लो सोडियम मीठ तर टाकूच नका, त्यात बऱ्याचदा पोटॅशियम क्लोराइड असतं आणि किडनी कमजोर असेल तर पोटॅशियम रक्तात साठू शकतं. किती खायचे ते आपले रिपोर्ट दाखवून डायटिशियनकडूनच ठरवून घ्या.