गाडीच्या स्प्रिंगा: पाटे, कॉइल, टॉर्शन बार आणि एअर स्प्रिंग

गाडीचं वजन चाकांवर जातं ते स्प्रिंगमधून, आणि पोलादी स्प्रिंग ते पेलते वाकून किंवा पिळली जाऊन. पाटा म्हणजे लीफ स्प्रिंग वाकते. एकावर एक रचलेल्या पट्ट्या, मधे सेंटर बोल्ट, यू-बोल्टने अ‍ॅक्सलला आवळलेल्या आणि दोन्ही टोकं चेसिसला. वजन आलं की कमान सपाट होते आणि लांबी वाढते, म्हणून एका टोकाला हलणारं शॅकल लागतंच. अ‍ॅक्सल जागेवर धरून ठेवायचं कामही पाटाच करतो, त्यामुळे सेंटर बोल्ट तुटला की अ‍ॅक्सल सरकतो आणि गाडी तिरकी चालते.

कॉइल स्प्रिंग दबताना दिसते खरी, पण आत तिची तार पिळली जात असते. टॉर्शन बार म्हणजे जणू तीच तार सरळ केलेली, एक टोक चेसिसला घट्ट आणि दुसरं सस्पेन्शनच्या आर्मला, चाक वर गेलं की दांडा पिळतो. जुन्या फोक्सवॅगन बीटलमध्ये हेच होतं. याचा अ‍ॅडजस्टिंग बोल्ट आवळून गाडी उंच करता येते, पण दांडा तोच असल्याने कडकपणा वाढत नाही, आणि लोक नेमकं इथेच फसतात. कॉइल कापली तर मात्र उलट, वेढे कमी झाले की स्प्रिंग कडक होते.

आता एका चाकाचा हिशोब बघू. स्प्रिंग दर 30 किलोला 1 सेंटीमीटर दबते असं धरा. रिकाम्या गाडीचे 300 किलो आले तर 10 सेंटीमीटर दबली, माल भरून 600 झाले तर 20, म्हणजे गाडी 10 सेंटीमीटर खाली बसली. झोकाही बदलतो, रिकामी असताना सेकंदाला साधारण 1.6 वेळा, भरल्यावर 1.1, म्हणूनच मालवाहू गाडी रिकामी असली की जास्त आदळते. पाट्यांच्या गाडीत यावर खालचे जादा पाटे देतात, ते माल भरल्यावरच टेकतात.

एअर स्प्रिंगमध्ये वजन पेलतो रबरी फुग्यातला हवेचा दाब. फुग्याचं परिणामी क्षेत्रफळ 150 चौरस सेंटीमीटर असेल तर 300 किलोला दर चौरस सेंटीमीटरला 2 किलो दाब पुरतो, 600 ला 4. गाडी खाली बसायला लागली की लेव्हलिंग व्हॉल्व्ह टाकीतली हवा आत सोडतो आणि उंची पूर्वीसारखी होते, शिवाय दाबाबरोबर कडकपणाही वाढतो, म्हणून रिकामी काय नि भरलेली काय, झोका जवळपास तोच राहतो. पण फुगा अ‍ॅक्सलला धरून ठेवत नाही (कॉइलही नाही), त्याला वेगळे आर्म आणि दांडे लागतात. आणि हवा गळतेच कुठेतरी. रात्री सरळ उभी केलेली गाडी सकाळी एका कोपऱ्यात बसलेली दिसली तर त्या बाजूचा फुगा, पाइपचे जोड आणि व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचे.