दरवर्षीचा तो हरवलेला एक रुपया

जून 2022 ची गोष्ट. नागपूरच्या अंबाझरी तलावावर सकाळी फिरायला येणारे आमचे एक काका त्या दिवशी चालायला नव्हतेच आले. मोबाइल हातात घेऊन बाकावर बसले होते. निवृत्तीच्या पैशातले पाच लाख त्यांनी आदल्या डिसेंबरात गिल्ट फंडात, म्हणजे मुख्यतः सरकारी कर्जरोखे घेणाऱ्या म्युच्युअल फंडात ठेवले होते. त्याचे 4,88,000 झाले होते. मला म्हणाले, ‘‘शेअर असता तर समजलो असतो. पण हा सरकारी कागद आहे ना बापा? सरकार डुबलं काय?’’

सरकार बुडालं नव्हतं. एकाही रोख्याचं व्याज थकलं नव्हतं. तरीही बारा हजार गेले, ते कुठे गेले? हा प्रश्न मला फार आवडतो, कारण त्याचं उत्तर रुपया-पैशापर्यंत काढता येतं आणि त्याला चक्रवाढ व्याजाच्या शाळेतल्या गणितापलीकडे काही लागत नाही.

रोखा म्हणजे ठरलेल्या रकमांची यादी. समजा, दर्शनी किंमत 100 रुपये, मुदत दहा वर्षे, कूपन दर 7 टक्के. म्हणजे दरवर्षी 7 रुपये आणि दहाव्या वर्षी त्या 7 सोबत मुद्दलाचे 100. कूपन हा शब्द जुन्या छापील रोख्यांवरून आला. त्यांच्या कडेला खरोखरच छोटी कूपनं असायची, ती कापून द्यायची आणि व्याज घ्यायचं. आता कागद गेला, शब्द राहिला. लक्षात ठेवायची गोष्ट एवढीच, की हे 7 रुपये रोखा निघाला त्या दिवशी ठरले. पुढे बाजारात काहीही होवो, ते 7 च राहतात.

आता समजा तुम्ही हा रोखा 100 ला घेतलात आणि लगेच बाजारातले दर चढले. सरकारने तशाच दहा वर्षांचा नवा रोखा 8 टक्क्यांनी काढला. तुम्हाला तुमचा जुना विकायचा आहे. घेणारा म्हणेल, ‘‘100 रुपयांत मला शेजारी 8 मिळतात, तुझे 7 कशाला घेऊ?’’ रास्त आहे. मग किती कमी केले तर तो घेईल?

बहुतेक ठिकाणी इथे भलंमोठं सूत्र येतं. मला त्याहून साधी वाट दिसते. दोन रोखे शेजारी शेजारी ठेवा. मुदत तीच, शेवटी मिळणारे 100 तेच. फरक फक्त एवढा, की जुन्या रोख्यात दरवर्षी एक रुपया कमी आहे, दहा वर्षे. म्हणजे घेणाऱ्याला त्या दहा हरवलेल्या रुपयांची भरपाई आज द्यायची.

दहा रुपये द्यायचे का? नाही, कारण ते रुपये आज हरवलेले नाहीत. पुढच्या वर्षीच्या रुपयासाठी आज 93 पैसे पुरतात, ते 8 टक्क्यांनी वर्षात रुपया होतात. दुसऱ्या वर्षीच्या रुपयाला 86 पैसे लागतात, पाचव्याला 68, दहाव्याला फक्त 46. अशा दहाही रकमांची बेरीज येते 6 रुपये 71 पैसे. म्हणून जुन्या रोख्याची किंमत 100 वजा 6.71, म्हणजे 93.29 रुपये. सूत्रातून सगळी 7-7 ची कूपनं आणि शेवटचे 100 आजच्या मोलात आणून बेरीज केली तरी हेच उत्तर येतं. एकदा कागदावर करून पाहाच.

काकांना मी हे बाकावर बसूनच एका पावतीच्या मागे करून दाखवलं. ‘‘म्हणजे भाव पडला नाही, हिशेब चुकता झाला,’’ असं ते म्हणाले. याहून नेमकं मला सांगता आलं नसतं.

याच तर्काने मुदतीचं कोडंही सुटतं. रोख्याचं एकच वर्ष उरलं असेल तर हरवणारा रुपया एकच, त्यामुळे किंमत 93 पैशांनीच घटते. तीस वर्षे उरली असतील तर तीस रुपये हरवतात आणि घट 11 रुपये 26 पैशांवर जाते. दर तेवढाच चढला, पण एकाला खरचटलं आणि दुसऱ्याचं हाड मोडलं.

आता 93.29 ला घेणाऱ्याच्या बाजूने पाहू. त्याला दरवर्षी 7 रुपये मिळतील. 93.29 वर 7 म्हणजे साडेसात टक्के. शिवाय शेवटी 100 मिळणार, म्हणजे वरचे 6.71 आणखी. हे दोन्ही धरून त्याला वर्षाला नेमके 8 टक्के पडतात. हेच यील्ड टू मॅच्युरिटी, मुदतपूर्तीपर्यंतचा परतावा. कूपन रोख्याचं असतं, यील्ड तुम्ही मोजलेल्या किमतीचं असतं. या परताव्यात दोन गोष्टी गृहीत आहेत: रोखा शेवटपर्यंत ठेवाल, आणि मधली कूपनं त्याच 8 टक्क्यांनी गुंतत राहतील. पुढे दर उतरले तर दुसरी गोष्ट पाळली जात नाही.

म्हणूनच ‘‘साडेआठ टक्क्यांचा सरकारी बाँड, हमखास’’ असले मेसेज ग्रुपवर येतात तेव्हा मला राग येतो. तो आकडा कूपनचा असतो. बाजारात दर 7 चालू असेल तर तो रोखा 100 ला मिळतच नाही, 110 च्या आसपास मिळतो आणि तुमच्या हाती 7 च येतात. सरकारी हमी ठरलेल्या रकमा ठरलेल्या तारखेला देण्याची आहे. मधल्या एखाद्या मंगळवारी तुम्हाला काय भाव मिळेल, याची हमी कोणीच दिलेली नाही.

2022 मध्ये हेच घडलं. 4 मे रोजी रिझर्व्ह बँकेने ठरलेल्या वेळापत्रकाबाहेर रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो दर, 4 वरून 4.40 टक्के केला, जूनमध्ये 4.90, आणि फेब्रुवारी 2023 पर्यंत तो 6.50 वर गेला. बाजार तर आधीपासूनच सावध होता. जानेवारी 2022 मध्ये निघालेला दहा वर्षांचा सरकारी रोखा पाहा, त्याचं नावच 6.54% GS 2032. जूनच्या मध्यावर दहा वर्षांचं यील्ड साडेसातच्या पुढे गेलं. साडेसातच धरलं तरी या रोख्यात वर्षाला 96 पैसे हरवतात. सरकारी रोखे व्याज सहामाही देतात आणि जूनमध्ये त्याची साधारण साडेनऊ वर्षे उरली होती, म्हणून 48 पैशांचे एकोणीस हप्ते मोजायचे. आजच्या मोलात ते होतात 6.44 रुपये, आणि किंमत येते साधारण साडेत्र्याण्णव.

ज्याने तो रोखा स्वतःच्या नावावर घेऊन ठेवला, त्याला 2032 मध्ये पूर्ण 100 मिळतील. तेवढ्यावरून हा तोटा निव्वळ कागदी आहे असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. शेजारी साडेसात मिळत असताना दहा वर्षे 6.54 वर बसून राहणं हाही तोटाच आहे, फक्त तो पासबुकात लाल अक्षरात दिसत नाही.

काकांच्या फंडाला तर मुदतपूर्तीच नव्हती, तो रोखे घेत-विकत राहतो. अशा फंडाच्या माहितीपत्रकात ‘मॉडिफाइड ड्युरेशन’ नावाचा आकडा असतो. दर एक टक्का चढला तर किंमत अंदाजे किती टक्के उतरेल, ते तो सांगतो. आमच्या दहा वर्षांच्या रोख्याला तो 7 च्या जवळ येतो. काकांच्या फंडाला 5 होता. डिसेंबर ते जून दर 6.4 वरून 7.5, म्हणजे 1.1 टक्का चढला. पाच गुणिले 1.1 म्हणजे साडेपाच टक्के खाली. सहा महिन्यांचं व्याज 3.2 टक्के वर. उरले वजा 2.3 टक्के. पाच लाखांवर साडेअकरा हजार, आणि फंडाचा खर्च धरला की जवळपास त्यांच्या मोबाइलवर दिसणारा आकडा.